फोटोखालचा मजकूर: नातेवाईक राहू द्या, त्यांच्या बातम्या काढा

प्रश्न: आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सगळ्यांचा फोटो फेसबुकवर टाकायचा आहे. खाली हे लिहिलंय (नावं बदलली आहेत, आडनावांच्या जागी फुल्या):

«काल आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन थाटात पार पडलं! श्रीमती सुमती गोविंद ×××, माहेरच्या ×××, जन्म ४ ऑगस्ट १९४४. दोन वर्षांपूर्वीचं मोठं ऑपरेशन आणि आताचा विसरभोळेपणा यांना पुरून उरलेली आमची आजी! फोटोत डावीकडून: नितीनकाका (बँकेतून नुकतेच निवृत्त), सौ. वैशालीकाकू, बाबा, सौ. आई, मीनाआत्या (कोर्टाचं सगळं आटोपून आता आजीजवळच राहते, चेहरा बघा किती खुललाय!), अनिकेतदादा (व्हिसाचं काम अडकलेलं असूनही न्यू जर्सीहून आला), ऋताताई (ईराला लवकरच भावंड मिळणार!!) आणि पुढे बसलेली ईरा, वय ६, ××× शाळेत यंदा पहिलीत. फोटो काढला भावोजींनी. आता सगळे मिळून आठ दिवस कोकणात, घराला कुलूप!»

घरच्या ग्रुपवर दाखवलं तर आत्या काहीच बोलली नाही आणि ऋताताईने "हे असं टाकू नकोस" एवढंच लिहिलं. फेसबुकवर माझ्या ऑफिसचे, शाळेचे, गावचे सगळेच आहेत. कोणाचं खाजगी उघडं पडू नये, पण कोरडंही वाटू नये आणि नाव राहिलं म्हणून रुसवाही होऊ नये, असं कसं लिहू? औक्षण चालू असताना आजीने "आधी तो पंखा बंद करा रे, दिवे विझतील" म्हणून सगळ्यांना दटावलं, तेही लिहायचं होतं, पण मजकूर लांबला म्हणून काढून टाकलं.

उत्तर: तुम्ही काढून टाकलेली पंख्याची गोष्टच खरं तर या फोटोचा मजकूर आहे. आता जे लिहिलं आहे त्यात सोहळ्याबद्दलचं वाक्य एकच, पहिलं. बाकी सगळ्या लोकांच्या बातम्या आहेत, आणि त्या ज्यांच्या आहेत त्यांनी तुम्हाला त्या जाहीर करायला सांगितलेल्या नाहीत. त्यामुळे शब्द सौम्य करत बसण्याआधी एक काम करा. मजकुरातल्या प्रत्येक माहितीखाली ती कोणाची आहे त्या माणसाचं नाव लिहा. ऑपरेशन आजीचं. कोर्ट आत्याचं. व्हिसा अनिकेतचा. भावंडाची बातमी ऋताताईंची आणि त्यांच्या नवऱ्याची. शाळा ईराची, म्हणजे पुन्हा तिच्या आई-वडिलांची. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: या माणसाने स्वतःच्या फेसबुकवर, तुमच्या ऑफिसच्या लोकांसमोर, हे आपणहून लिहिलं असतं का? "त्यांना काय हरकत असणार" हे उत्तर चालत नाही. लिहिलं असतं की नसतं, एवढंच.

असं तपासलं की एक गंमत दिसेल. अडचणीच्या बहुतेक गोष्टी तुम्ही कंसात घातल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांपुढे उद्गारचिन्हं आहेत. फोटोखालच्या मजकुरात बातमी फुटते ती जवळजवळ नेहमी कंसातच. नाव लिहिलं की ते नुसतं उघडं वाटतं, मग आपण त्याला काहीतरी जोडतो: हुद्दा, गाव, आजार, लग्नाची स्थिती. ज्या गोष्टी समोरासमोर आपण आवाज खाली करून सांगतो, त्या लिहिताना कंसात जातात. म्हणून पहिला हात सरळ फिरवा: सगळे कंस आतल्या मजकुरासकट काढा. निवृत्तीसारखी निरुपद्रवी माहितीही जाईल, जाऊ द्या. काकांच्या निवृत्तीने काकांचं काही बिघडणार नाही, पण एकाचा कंस ठेवला की बाकीच्यांचे का नाहीत हा प्रश्न उरतो. शिवाय निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेला बँकेतला माणूस ही माहिती फसवणारे फोन करणाऱ्यांच्या उपयोगाचीच आहे.

आता आत्याबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त चुकण्याची शक्यता आहे. तुम्ही तिचं कौतुकच केलं आहे, पण कौतुकानेही बातमी फुटते. "चेहरा किती खुललाय" वाचणाऱ्याला आधी चेहरा का कोमेजला होता हे शोधावंसं वाटतं. मग माणसं दुसरा उपाय करतात: "कठीण काळातून खंबीरपणे बाहेर पडलेली आमची आत्या". हे मूळ वाक्यापेक्षा वाईट. कोर्ट म्हटल्यावर वाचणाऱ्याला निदान एक गोष्ट कळते, "कठीण काळ" म्हटल्यावर तो दहा गोष्टींची कल्पना करतो आणि खात्री करायला गावाकडे फोन लावतो. सूचक लिहिणं हा मधला मार्ग नाही. एक तर त्या माणसाच्या संमतीने स्पष्ट लिहायचं, नाहीतर त्या विषयाचा मागमूसही ठेवायचा नाही. "नवी सुरुवात", "देव पाठीशी आहे", "आता सगळं ठीक" हे शब्द दिसले की समजा, काढलेली बातमी मागच्या दाराने परत आली.

तिच्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट आहे. मराठीत नावाआधीची बिरुदंच वैवाहिक स्थिती सांगून टाकतात. काकू आणि आई या दोघींना तुम्ही "सौ." लावलं आणि आत्याला काहीच लावलं नाही, तिथेच अर्धं जग समजलं. तिला "श्रीमती" लावलं तर ती आजीच्या पंगतीत जाऊन बसते आणि वाचणारे भलताच अर्थ काढतात. उपाय सोपा आहे: बिरुदं सगळ्यांचीच काढा. एकट्या तिच्यापुरती काढून भागत नाही, कारण गाळलेली जागा आजूबाजूच्या भरलेल्या जागांमुळेच दिसते. हाच न्याय जोड्यांना. "नितीनकाका-वैशालीकाकू, बाबा-आई, मीनाआत्या" असं लिहिलं की तिसऱ्या जोडीतली रिकामी जागा कोणीही मोजेल. म्हणून माणसं जोडीने न लावता पिढीने लावा: आजीची मुलं, लेकी-सुना, नातवंडं, पणती. "लेकी-सुना" हा शब्द इथे फार कामाचा आहे. त्यात सगळ्या येतात आणि कोणाचं कुठे काय चाललं आहे हे कोणी विचारत नाही.

ऋताताईंच्या बातमीबद्दल फार लिहायला नको, त्यांनी उत्तर दिलंच आहे. फक्त "गोड बातमी लवकरच" असं धूसर करून ठेवू नका, कारण मराठीत त्याचा दुसरा अर्थच होत नाही. अशी बातमी कधी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने सांगायची हे पोटुशी बाई ठरवते. ऑफिसात रजेचं बोलणं व्हायचं असतं, सासरी-माहेरी सांगण्याचे मान असतात, आणि दुर्दैवाने काही वेगळं झालं तर ज्या ज्या माणसाने अभिनंदन केलं त्या प्रत्येकाला तिलाच पुन्हा उत्तर द्यावं लागतं. फोटोही नीट पाहा. त्या पोटावर हात ठेवून उभ्या असतील तर मजकूर कितीही निर्मळ केला तरी उपयोग नाही. त्याच वेळचा दुसरा फोटो निवडा.

आजीच्या बाबतीत मामला मानापमानाचा कमी आणि धोक्याचा जास्त. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा, म्हणजे वयाचं एक्याऐंशीवं वर्ष, हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. सोहळ्याच्या नावातच वय आलं. जन्मतारखेने वाचणाऱ्याला नवीन काही मिळत नाही, पण नको त्या माणसाला बरंच मिळतं. आधारची जी पीडीएफ आपण उतरवून घेतो, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. तुमच्या मजकुरावरून तो `SUMA1944` असा कोणालाही मांडता येतो. ई-पॅनच्या पीडीएफला पूर्ण जन्मतारीख लागते, `04081944`. फाइल हाती लागल्याशिवाय नुसत्या पासवर्डने काही होत नाही हे खरं, पण या फाइली लॉजवाल्यांपासून एजंटांपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर किती ठिकाणी पाठवलेल्या असतात हे आठवून पाहा.

माहेरच्या आडनावाचा फटका आजीपेक्षा तिच्या मुलांना. "आईचं माहेरचं आडनाव काय" हा बँकांचा आणि ईमेलच्या खात्यांचा जुना सुरक्षा-प्रश्न. तुमच्या एका ओळीने काका, बाबा आणि आत्या या तिघांचंही उत्तर फुटलं. माहेरच्या मंडळींचा मान तर राखायलाच हवा, त्यासाठी आडनाव लागत नाही. "आजीच्या माहेरची मंडळीही आवर्जून आली होती" एवढ्याने ती खूश होतात. ते आले नसतील तर अर्थातच लिहू नका.

विसरभोळेपणाचा उल्लेख मात्र कुठल्याच रूपात ठेवू नका. आजीला हल्ली आठवत नाही, तिचा नातू अनिकेत अमेरिकेत आहे, त्याचं काहीतरी अडकलं आहे, घरातली माणसं आठ दिवस बाहेर आहेत: ही चार वाक्यं सुटी सुटी साधी आहेत, एकत्र आली की कोणा भामट्याला फोनवर काय बोलायचं त्याची संहिताच तयार होते. "आजी, मी अनिकेत बोलतोय, इथे अडचणीत आलोय, कोणाला सांगू नकोस." तुटक माहिती कशी जोडली जाते हे मजकूर लिहिताना लक्षात येत नाही, कारण लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्य वेगळ्या माणसाबद्दलचं वाटतं. आणि ऑपरेशनबद्दल: आजी स्वतः देवळात चार बायकांना टाके दाखवत असेल, तो तिचा अधिकार. तो आपल्याकडे येत नाही. माणूस नीट विचार करून हो म्हणू शकत नसेल तर त्याच्या आजारपणाबद्दल लिहिताना हात जास्तच आखडता ठेवायचा.

अनिकेतच्या व्हिसाचं वाक्य प्रेमाने लिहिलं आहे, पण "अडकलेलं असूनही आला" हे त्याच्या कंपनीतल्या माणसाने वाचावं असं त्याला वाटणार नाही. अमेरिकेच्या व्हिसा-अर्जात २०१९ पासून सोशल मीडियावरच्या खात्यांची नावं द्यावी लागतात. त्याला टॅग केलं तर हा मजकूर थेट त्याच्या खात्याशी जोडला जातो. गावाचं नावही नको. "लांबून आलेली नातवंडं" लिहिलं तरी पुरतं, आणि त्यात पुण्याहून आलेलेही बसतात.

ईराचं वय, नाव, शाळा आणि चेहरा एकत्र नको. या चारांतलं शाळेचं नाव सर्वांत आधी जायला हवं, कारण जून लागला की ती रोज ठरलेल्या वेळी कुठे असेल हे त्यावरून कळतं. फेसबुकवर नाव न देता "पणती" किंवा "घरातलं शेंडेफळ" म्हणा. नात्याचे शब्द हे आपल्या भाषेचं मोठं भांडवल आहे. घरच्यांना कोण ते लगेच कळतं, परक्याला काहीच कळत नाही. कोकणाचं आणि कुलपाचं वाक्य परत आल्यावर कोकणच्या फोटोंखाली, भूतकाळात.

राहता राहिलं "डावीकडून". छापील स्मरणिकेत ही पद्धत ठीक होती. फेसबुकवर तिचा परिणाम असा की प्रत्येक चेहऱ्याला नाव चिकटतं आणि प्रत्येक नावाला नातं. आजीचं तिपेडी नाव त्याला जोडलं की आजोबांच्या नावासकट अख्खी वंशावळ हातात येते. नावं द्यायचीच असतील तर नुसती हाक मारायची नावं, वयाच्या क्रमाने, कोण कुठे उभं आहे हे न सांगता.

आता नव्याने लिहू. बातम्या काढल्यावर मजकूर कोरडा पडतो ही भीती रास्त आहे. "आजीचं सहस्रचंद्रदर्शन. सहकुटुंब." एवढंच उरलं तर तो सरकारी अहवाल होतो. ओलावा आणायचा तो त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून: कोण काय बोललं, काय सांडलं, कशाला हसू फुटलं. त्यात कोणाचं आयुष्य उघडं पडत नाही आणि जे तिथे होते त्यांना प्रसंग जसाच्या तसा आठवतो. तुमच्याकडे तो आयता आहे.

फेसबुकसाठी:

«आजीचं सहस्रचंद्रदर्शन! एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण सुरू झालं आणि उत्सवमूर्तीने पहिली आज्ञा सोडली, "आधी तो पंखा बंद करा रे, दिवे विझतील." मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद. दिवे शेवटपर्यंत तेवले, आम्ही सगळे घामाने निथळलो, आणि फोटोत आजी एकटीच टवटवीत दिसते आहे. मुलं, लेकी-सुना, लांबून आलेली नातवंडं आणि मांडीवर बसायला टपलेली पणती, सगळे हजर. कॅमेऱ्यामागेही घरचाच माणूस.»

दिव्यांचा आकडा, मे महिन्याची दुपार आणि मांडीवर बसायला टपलेली पणती हे मी अंदाजाने घातलं आहे, तिथे तुमचं खरं असेल ते घाला. आजीचं वाक्य मात्र तिला वाचून दाखवा. "मी असं ओरडले?" म्हणून ती हसली तर ठेवा, कसनुसं तोंड केलं तर तेही काढा.

"कॅमेऱ्यामागेही घरचाच माणूस" या वाक्यावर थोडं थांबतो. भावोजींचा मान त्यात राहतो, आणि फोटोत कोण नाही याचा हिशेब कोणी करत बसत नाही. याउलट "अमुक येऊ शकला नाही, त्याची उणीव भासली" असं लिहायचा मोह टाळा. न येण्याला कारण असतं, आणि ते विचारायची सोय आपणच करून देतो.

रुसव्याची सोय फेसबुकवर करू नका, ती घरच्या ग्रुपवर करा. तिथे नावं हवीतच, कारण तिथे लोक आपलं नाव शोधतात:

«आजीचा सोहळा. नितीनकाका, बाबा, मीनाआत्या, वैशालीकाकू, आई, अनिकेतदादा, ऋताताई, भावोजी, मी आणि ईरा. पंखा बंद असल्याने सगळे लाल. आजीच्या माहेरच्यांचे फोटो वेगळे टाकतो.»

इथेही एकही कंस नाही, बिरुद नाही. ग्रुप घरचा असला तरी त्यातला मजकूर तिथेच राहत नाही. काकू तो आपल्या भिशीच्या ग्रुपवर पुढे पाठवणार, हे धरूनच लिहायचं. त्यामुळे मी ग्रुपसाठी नियम बदलत नाही, फक्त नावं वाढवतो.

संमती कशी मागायची याचीही एक रीत आहे. ग्रुपवर "चालेल ना सगळ्यांना?" विचारलं की पहिले तिघे अंगठा दाखवतात, आणि ज्याला नको असतं तो चौथा गप्प बसतो, कारण नको म्हटलं तर का नको हेही सगळ्यांसमोर सांगावं लागतं. आत्याचं गप्प राहणं हे उत्तरच होतं. म्हणून एकेकाला वेगळा निरोप पाठवा, आणि सोबत जो फोटो व जो मजकूर टाकणार आहात तोच, अक्षरशः तसाच:

«आत्या, हा फोटो आणि खालचं हे लिहिणं फेसबुकवर टाकायचं म्हणतोय. आधीचं सगळं काढलंय. यातलंही काही नको असेल किंवा फोटोच नको असेल तर नुसतं "नको" लिही, कारण सांगू नकोस. तुझं उत्तर आल्यावरच टाकेन.»

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. "कारण सांगू नकोस" लिहिलं नाही तर माणसं संकोचाने हो म्हणतात. आणि "उद्यापर्यंत सांग, नाहीतर टाकतो" असं लिहिलं की गप्प राहण्याचा अर्थ होकार होतो, आणि तो तसा नसतो. आत्या आणि ऋताताई यांना सगळ्यांत आधी विचारा. ऋताताईंना विचारताना ईराबद्दल भावोजींनाही विचारा, मुलीच्या फोटोबाबत दोघांचं एकमत असतंच असं नाही. कोणी फोटोच नको म्हटलं तर मजकुराने ते निस्तरत नाही. चेहऱ्यावर बदाम चिकटवणं तर सगळ्यांत वाईट, सगळ्यांची नजर तिथेच जाते. ते माणूस नसलेला दुसरा फोटो घ्या, किंवा नुसत्या आजीचा आणि दिव्यांच्या ताटाचा.

टाकण्याआधी फोटो मोठा करून त्याची मागची बाजू वाचा. अशा कार्यक्रमांत भिंतीवर हमखास एक फलक असतो: पूर्ण नाव, तारीख, कधी कधी जन्मतारीख, खाली "निमंत्रक" म्हणून आडनावासकट सगळी मंडळी. मजकुरातून जे काढलं ते सगळं मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. फलक कापून टाका किंवा धूसर करा. शोकेसवरच्या औषधांच्या डब्या, दाराची पाटी, गाडीचा नंबर, निमंत्रणपत्रिकेवरचे फोन नंबर हेही याच नजरेने पाहा. ठिकाणाची खूण म्हणून घरचा पत्ता जोडू नका.

टॅग करू नका, किंवा विचारूनच करा. पोस्ट फक्त मित्रांसाठी ठेवली तरी ज्याला टॅग केलं त्याच्या मित्रांनाही ती साधारणपणे दिसायला लागते, म्हणजे तुम्ही आखलेलं कुंपण प्रत्येक टॅगने थोडं पुढे सरकतं.

जुना मजकूर चुकून आधीच टाकला असेल तर तो दुरुस्त करून भागत नाही. फेसबुकवर बदललेल्या पोस्टच्या मेनूत `View edit history` असतं, आणि ज्यांना पोस्ट दिसते त्यांना तिचं आधीचं रूपही वाचता येतं. उलट, बदललेलं दिसलं की लोक मुद्दाम उघडून पाहतात. पोस्ट पूर्ण काढा आणि नवी टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, सगळ्यांसाठी काढून टाकायला साधारण अडीच दिवस मिळतात. पण तोवर कोणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत तशीच राहते. तशी शंका असेल तर ज्याची बातमी होती त्याला तुम्हीच फोन करून सांगा, दुसऱ्याकडून कळण्याआधी.

मजकूर पक्का झाल्यावर घराबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. तो ऋताताईंना किंवा आत्याला ओळखत नसला तर उत्तमच. त्याला "कसं वाटलं" विचारू नका, "आमच्या घराबद्दल यातून काय काय कळलं ते सांग" असं विचारा. वरचा मजकूर वाचून त्याने सांगायला हवं: आजीला एक्याऐंशीवं चालू आहे, ती ठणठणीत आहे, हुकूम सोडते, कुटुंब मोठं आहे. याहून जास्त काही सांगितलं तर ते कोणत्या शब्दावरून कळलं ते विचारा आणि तो शब्द बदला.

आणि मग टिप्पण्या. तुम्ही सगळं काढून निर्मळ लिहाल आणि दहा मिनिटांत गावची एखादी मामी खाली विचारेल, "मीना एकटीच दिसतेय?" किंवा "ऋताला कितवा लागला गं?" पहिला दिवस टिप्पण्यांवर लक्ष ठेवा. तिथे उत्तर देऊ नका, "नंतर सांगतो" असंही नाही, कारण सांगण्यासारखं काहीतरी आहे हे त्यातून कळतंच. टिप्पणी पुसून टाका. नुसती लपवली तर लिहिणारीला आणि तिच्या मित्रमंडळींना ती दिसत राहते. मग मामीला फोन लावा आणि आजीच्या पंख्याची गोष्ट सांगा. टिप्पणी का काढली असं तिने विचारलंच, तर "घरच्या गोष्टी तिथे नकोत म्हणून" एवढं सांगून पुन्हा पंख्यावर या.